प्रतिसाद: पोच देताना तारीखही द्यावी

«पूर्ण उत्तराला आठ दिवस लागणार असतील, तर आधी नुसते ‘मिळाले’ कळवून काय साधते?»

नुसत्या ‘मिळाले’ने फारसे साधत नाही, कारण वाट किती दिवस पाहायची हे त्यातून कळत नाही. आमच्याकडे रावेर भागातील केळीबागांचे मातीचे नमुने येतात. ओली काळी माती सावलीत वाळवून, कुटून, चाळल्याशिवाय तपासणीला घेता येत नाही आणि पावसाळ्यात वाळण्यातच बरेच दिवस जातात. म्हणून नमुना आला त्याच दिवशी मी असे लिहितो:

«भाऊ, दोन्ही पिशव्या आज मिळाल्या. सामू, क्षारता व पालाश यांचा अहवाल आणि खताची मात्रा पुढच्या गुरुवारी सायंकाळपर्यंत पाठवतो. दुसऱ्या पिशवीवर नमुन्याची खोली लिहिलेली नाही, तेवढी आजच कळवावी.»

शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ही उणीव आठव्या दिवशी लक्षात आली असती तर सगळा आठवडा वाया गेला असता. या पोचेत खताचा अंदाज मात्र मी कधीच लिहीत नाही. शेतकरी तोच अंतिम सल्ला समजून पालाश टाकून मोकळे होतात. गुरुवार हुकणार असे दिसले, तर बुधवारीच कारणासह नवी तारीख कळवतो.