मदत हवी आहे: ढगांच्या कडा चमकण्याऐवजी ट्यूबलाइटसारख्या दिसतात

चित्रवेडी
सूर्यास्ताचं आकाश कोऱ्या कॅनव्हासवर रंगवतेय. खाली नारिंगी, वर निळा असा ग्रेडियंट दिला, तर मधे मातकट पट्टा आला. त्यावर ढगांच्या ब्रशने ढग काढले आणि कडांना ग्लो दिला. आता प्रत्येक ढग दुकानाच्या पाटीसारखा दिसतोय. ग्लो कमी केला की काहीच दिसत नाही. उद्या द्यायचंय, कृपया लवकर सांगा.

अर्धाकप
कुठलं सॉफ्टवेअर? ग्लो कसा दिला? सूर्य चित्रात आहे की नाही? काहीच लिहिलं नाहीये.

निळाशाई
सूर्यास्ताला शटर स्पीड कमी ठेवू नका, कडा जळतात. एक्सपोजर एक स्टॉप खाली घ्या.

अर्धाकप
अहो, त्या रंगवतायत, फोटो काढत नाहीयेत.

चित्रवेडी
क्रिटा. लेअर स्टाइलमधला आउटर ग्लो. सूर्य आहे, उजवीकडे क्षितिजाच्या जरा वर. हे महत्त्वाचं आहे का?

कुंचलेवाला
सगळं त्यावरच आहे. आउटर ग्लो ढगाच्या चारही बाजूंना सारखी झालर लावतो. खऱ्या ढगात उजेड बाहेर सांडत नाही, कड स्वतःच पेटते. कडेला ढग विरळ असतो. मागून आलेला उजेड तिथले थेंब बहुतेक पुढेच, म्हणजे आपल्याकडे फेकतात. मधला भाग जाड, म्हणून काळपट. तेव्हा उजळ रेघ कडेच्या आत हवी आणि तिथून ढगाच्या पोटाकडे विरत जायला हवी. सूर्याजवळच्या ढगाला ती प्रखर द्या, लांबच्याला फिकी. सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या ढगांना तर अशी कड नसतेच, ते समोरून उजळलेले, सपाट गुलाबी दिसतात.

रंगपेटी
एवढा अभ्यास कशाला? नवीन लेअर, मोड कलर डॉज, मऊ ब्रशने नारिंगी फिरवा. दोन मिनिटांत काम. मी कायम असंच करते.

कुंचलेवाला
गडद ढगावर डॉज छान चालतो. पण तो खालचा रंग भराभर चढवतो. सूर्याजवळचं आकाश आधीच उजळ आहे, ब्रश जरा बाहेर गेला की तिथे पांढरा डाग. चित्रवेडी, ग्लो कमी केल्यावर काहीच दिसत नाही, त्याचंही मूळ इथेच असणार. आकाशच इतकं उजळ की कडेला वर जायला जागा नाही. चित्र काळं-पांढरं करून बघा. कड आणि आकाश एकाच राखाडीत मिसळली, तर आधी आकाश उतरवा. सूर्याभोवतीचा भागही साधारण ८० टक्के उजेडावर थांबवा, ढगाचं पोट ३५-४० वर आणा. मग साध्या नॉर्मल मोडमधली फिकट पिवळी रेघही पेटलेली दिसेल.

रंगपेटी
माझे डाग पडत नाहीत, फ्लो कमी ठेवते मी.

चित्रवेडी
आकाश उतरवलं, फरक पडला! पण रेघ ढगाबाहेर जातेय. वरच्या लेअरला इनहेरिट अल्फा लावलंय, तरी उपयोग नाही.

अर्धाकप
ढग आणि रेघेचा लेअर एका ग्रूपमध्ये घेतलेत का? ग्रूप नसेल तर तो लेअर खालच्या सगळ्यांचा, म्हणजे तुमच्या भरलेल्या आकाशाचाही अल्फा घेतो. मग काहीच कापलं जात नाही. ग्रूपमध्ये फक्त ढग खाली आणि रेघ वर ठेवा.

चित्रवेडी
झालं! आणि तो मातकट पट्टा?

कुंचलेवाला
निळा आणि नारिंगी समोरासमोरचे रंग, थेट मिसळले की मधे राखाडी-तपकिरीच निघणार. निळा ४०, ७०, १४० आणि नारिंगी २५०, १५०, ५० धरा. मधोमध येतो १४५, ११०, ९५, म्हणजे चिखल. मधे गुलाबीचा एक थांबा घाला, २२५, १२५, १४५ च्या आसपास. क्षितिजाजवळ पिवळ्याचा पट्टा अरुंद ठेवा, वरचा निळा मोठा. सारख्या अंतराचे थांबे दिले की आकाश गादीच्या चादरीसारखं दिसतं.

रंगपेटी
मला तो तपकिरी धूळकट पट्टा आवडतो, उन्हाळ्यातलं आकाश तसंच असतं. आणि ढगांचे तयार ब्रश वापरूच नका, सगळ्यांची चित्रं एकसारखी दिसतात.

कुंचलेवाला
पट्ट्याचं मान्य, मुद्दाम ठेवला तर. ब्रशचं नाही. तयार ब्रशने फक्त मोठा आकार टाका. सूर्याकडची कड मग कडक गोल ब्रशने कोरा, उलटी बाजू मऊ सोडा. सगळीकडे तोच ब्रश राहिला, तर कापूस चिकटवल्यासारखं वाटतं.

चित्रवेडी
उजवीकडचे दोन ढग जमले. डावीकडच्यांच्या कडा पुसल्या, तर ते मेल्यासारखे दिसतायत. थोडी कड ठेवली तर चालेल?

रंगपेटी
चालेल.

कुंचलेवाला
नको. त्यांचा गुलाबी उबदार करा, सावली निळसर ठेवा.

निळाशाई
बाय द वे, ढग काढायला टॅबलेट कुठला वापरता सगळे? मला घ्यायचाय.