मदत हवी आहे: लघवी लाल, सी३ कमी, पण एएसओ नॉर्मल. भाचीसारखी पेनिसिलिनची इंजेक्शनं मुलालाही लागतील का?

चोपड्याची_माई
माझा मुलगा ७ वर्षांचा, वजन २२ किलो. पावसाळ्यात घरात खरूज आली, खाजवून खाजवून त्याच्या पिंढऱ्यांवर फोड पिकले. मलम लावलं, खपल्या धरल्या, विषय संपला असं वाटलं. साधारण तीन आठवड्यांनी सकाळी उठला तर डोळे सुजलेले आणि लघवी कोऱ्या चहासारखी. जळगावला दाखल केलं. बीपी १३०/९० होतं. लघवीत रक्त आणि प्रोटीन २+, क्रिएटिनीन ०.९, सी३ ३८ (लॅबची खालची मर्यादा ९०). एएसओ १८०, म्हणजे नॉर्मल. मीठ बंद, लघवी सुटायचं औषध, बीपीची गोळी. आता सूज उतरली, घरी आलोय.

माझ्या नणंदेची मुलगी ११ वर्षांची आहे. तिला मागच्या वर्षी घसा दुखल्यानंतर ताप आला, आज गुडघा तर उद्या घोटा असे सांधे धरले, आणि इकोत हृदयाची झडप थोडी गळते असं निघालं. तिला दर २१ दिवसांनी पेनिसिलिन चालू आहे. नणंदबाई म्हणतात, जंतू एकच, मग तुमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन का नाही लिहिलं? मला झोप नाही. आणि एएसओ नॉर्मल असताना हा तोच जंतू आहे हे तरी कशावरून?

रावेरचे_काका
ताई, आमच्या घरी पण संधिवात आहे. सौ.चे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात, जिना चढता येत नाही. मेथीचे लाडू आणि तेलाची मालीश, बराच फरक पडतो. मुलाला थंड पाणी देऊ नका.

अमळनेरचा_भाऊ
काका, तो संधिवात वेगळा, हा लहान मुलांचा. ताई, मी फार्मसी केलीय. स्ट्रेप्टोकोकस शरीरात गेला की त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. जंतूचं एम प्रोटीन आणि आपल्या हृदयाच्या स्नायूंतलं मायोसिन दिसायला सारखं, म्हणून त्या अँटिबॉडी चुकून आपल्याच हृदयावर जातात. तुमच्या मुलात त्या किडनीवर गेल्या, एवढाच फरक. म्हणून नणंदबाईंचं बरोबर आहे, पेनिसिलिन सुरू करायला हवं. एएसओ मात्र परत करा, २०० च्या वर नसेल तर हा स्ट्रेप नाहीच.

धुळ्याचा_बालरोगतज्ज्ञ
भाऊंनी हृदयाबद्दल लिहिलेलं बऱ्यापैकी बरोबर आहे, किडनीबद्दलचं नाही. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या फरकात आहे.

भाचीच्या शरीराने घशातल्या जंतूविरुद्ध जी तयारी केली, ती झडपेच्या पेशींनाही लागू पडते. अँटिबॉडी झडपेच्या अस्तराला चिकटतात, मागून पांढऱ्या पेशी आत शिरतात. ही ओळख शरीर विसरत नाही. पुढे पुन्हा घशात स्ट्रेप आला, अगदी घसा फारसा न दुखताही आला, तरी तीच तयारी जागी होते आणि झडप आणखी बिघडते. म्हणून जंतूला घशात पाऊलच ठेवू द्यायचं नाही, यासाठी २१ दिवसांचं इंजेक्शन. झडपेवर थोडाच परिणाम असेल तर शेवटच्या ॲटॅकनंतर निदान १० वर्षं किंवा वयाच्या २५ पर्यंत, यांपैकी जे जास्त ते. दोष मोठा असेल तर त्याहूनही पुढे. नणंदबाईंना सांगा, दुखतं म्हणून एकही डोस चुकवू नका.

तुमच्या मुलाच्या किडनीला कुणी जंतू समजून मारलेलं नाही. जंतूचे तुकडे आणि त्यांना धरलेल्या अँटिबॉडी यांचे गोळे किडनीच्या गाळणीत अडकले. काही तुकडे आधी गाळणीत बसतात आणि अँटिबॉडी मागून येऊन तिथेच त्यांना धरते, असंही दिसतं. नेमका कोणता तुकडा, यावर अजून एकमत नाही. मग तिथे कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रोटीनं कामाला लागतात आणि खर्च होतात. तुमचा ३८ चा सी३ हा तो खर्च आहे. गाळणी सुजली, म्हणून रक्त सुटलं. मीठ-पाणी बाहेर जाईना, म्हणून डोळे सुजले आणि बीपी चढलं. जंतू संपला की नवे गोळे येणं थांबतं, अडकलेले शरीर साफ करतं. किडनीला असं धरणाऱ्या जंतूच्या जाती थोड्याच आहेत आणि एकदा झाल्यावर सहसा संरक्षण राहतं, त्यामुळे दुसरा ॲटॅक क्वचित. म्हणून महिन्यांमागून महिने इंजेक्शन नाही. त्वचेवर जंतू उरला असेल तर एकदाच पेनिसिलिन देतात, तेही मुख्यतः दुसऱ्याला लागू नये म्हणून. त्याने किडनी लवकर बरी होत नाही.

शिरपूर_लॅब
एएसओबद्दल मी सांगते, रोज याच रिपोर्टांत असते. फोडांतून आलेल्या स्ट्रेपमध्ये एएसओ बऱ्याचदा वाढतच नाही. जंतू सोडतो ते स्ट्रेप्टोलायसिन ओ कातडीतल्या चरबीशी बांधलं जातं, शरीर त्याच्याविरुद्ध फारशी अँटिबॉडी बनवत नाही. अशा वेळी अँटी-डीएनेज बी करतात, ती फोडांनंतर चांगली वाढते. आमच्याकडून सँपल बाहेर पाठवावं लागतं, पण होते. उलटंही बघते: एएसओ ४०० आला, मूल ठणठणीत, तरी कुणीतरी इंजेक्शनं सुरू केलेली. एएसओ फक्त जंतू येऊन गेला एवढं सांगतं. आजार आहे की नाही, ते नाही.

चोपड्याची_माई
डॉक्टर, ताई, खूप आभार. म्हणजे तीन आठवड्यांचं अंतरही जुळतंय का? आणि सी३ परत कधी करायचा? घरी आल्यावर लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसते पण रिपोर्टमध्ये अजून रक्त येतंय.

धुळ्याचा_बालरोगतज्ज्ञ
जुळतंय. घशानंतर एक-दोन आठवडे, फोडांनंतर तीन किंवा जास्त. अंतर दोन-तीन दिवसांचंच असतं तर मी दुसऱ्या आजाराचा विचार केला असता.

सी३ आठ आठवड्यांनी करा. तोवर नॉर्मलला यायला हवा. बारा आठवड्यांनंतरही कमीच राहिला, किंवा क्रिएटिनीन वाढत गेलं, तर हे पोस्ट-स्ट्रेप नसावं. ल्युपस किंवा कॉम्प्लिमेंटचाच वेगळा आजार शोधावा लागतो आणि बायोप्सी लागू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं रक्त कित्येक महिने, कधी वर्षभर राहतं, त्याला घाबरू नका. बीपी मात्र मोजत राहा. डोकेदुखी, उलट्या, धाप, झटका किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरात अजून मुलं आहेत का? त्यांचीही लघवी तपासा. आणि खरूज सगळ्यांनी एकाच दिवशी संपवा: परमेथ्रिन ५ टक्के, मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर, सात दिवसांनी पुन्हा. फक्त मुलालाच लावलं तर खरूज परत येईल, फोडही परत.

अमळनेरचा_भाऊ
डॉक्टर, किडनीचं मान्य. पण फोडांनंतर भाचीसारखा ऱ्हुमॅटिक फीवर होतच नाही हे पक्कं का? मी वाचलंय की उत्तर ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांच्या घशात स्ट्रेप कमी, फोड खूप, तरी हृदयाचा आजार भरपूर.

धुळ्याचा_बालरोगतज्ज्ञ
पक्कं नाही. आम्हाला शिकवलं होतं की हृदयासाठी घसाच लागतो, पण तिथल्या डॉक्टरांनी ती शंका काढली आहे आणि ती अजून मिटलेली नाही. म्हणून माईंच्या मुलाला पुढे कधी सांधे सुजले, विनाकारण धाप लागली किंवा हातापायांची आपोआप हालचाल व्हायला लागली, तर इको करून घ्यावा. आज त्याची गरज दिसत नाही.

रावेरचे_काका
माफ करा, मी मोठ्यांचं दुखणं समजलो. आमना नातूले बी फोड येल शेतस. त्याची लघवी उद्याच तपासतो.

चोपड्याची_माई
धाकटीची लघवी आज तपासली. रंग साफ, पण रिपोर्टमध्ये रक्तपेशी १०-१२. सूज नाही, खेळतेय. तिलाही दाखल करावं लागेल का?

धुळ्याचा_बालरोगतज्ज्ञ
भावंडांत असं सौम्य बऱ्याचदा सापडतं. उद्या सकाळी तिचं बीपी लहान मुलांच्या पट्ट्याने मोजून घ्या, सोबत क्रिएटिनीन आणि सी३. बीपी नॉर्मल असेल तर घरीच, आठवड्यातून दोनदा बीपी. आकडे इथे टाका.