एसीची वाढीव वॉरंटी: गंजाची ओळ आधी वाचा

«दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतोय, घर समुद्राजवळ. दुकानदार ५,००० रुपयांत ४ वर्षांची वाढीव वॉरंटी देतोय. कंप्रेसरला तर १० वर्षं आहेतच, मग घ्यावी का?»

ती १० वर्षं बहुतेक वेळा फक्त कंप्रेसर या सुट्या भागाची असतात. तो बदलताना लागणारा गॅस, मजुरी आणि ने-आण यांचे पैसे वेगळे पडू शकतात. शिवाय इन्व्हर्टर एसीत आधी दगा देतो तो बहुधा पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, नाहीतर गळणारी कॉइल.

तुमच्याकडे खरा धोका कॉइलचा. खाऱ्या हवेने ती कुरतडली जाते, बारीक छिद्र पडतं, गॅस निघून जातो. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी हेच झालं. वाढीव वॉरंटी होती, पण तंत्रज्ञाने अहवालात 'गंज' लिहिलं आणि दावा फेटाळला गेला, कारण वगळलेल्या गोष्टींत गंज होताच. भरलेले पैसे पाण्यात!

म्हणून पैसे देण्याआधी अटींचं पूर्ण पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. दुकानातली रंगीत घडीपत्रिका नको. त्यात गंज, गॅस भरणं आणि व्होल्टेजच्या चढउताराने जळालेला पीसीबी शोधा. 'नैसर्गिक झीज' असे मोघम शब्द दिसले तर त्यात काहीही बसवता येतं. दुरुस्ती अशक्य ठरल्यास घसारा वजा करून किती मिळणार, तेही बघा.

गंज वगळलेला असेल तर मी घेणार नाही. पीसीबी आणि गॅस दोन्ही लेखी धरले असतील, तर समुद्रापासून लांब राहणाऱ्याने जरूर विचार करावा.