फ्रिजची काच तडकली: गरम पाणी ओतलं एवढंच!

प्रेषक: अनघा
विषय: फ्रिजची काच तडकली

मंडळी, नमस्कार.

शनिवारी घरी मंडळाच्या बायका येणार म्हणून गुरुवारी रात्री फ्रिज धुवायला काढला. भाजीच्या ड्रॉवरवर जी काच असते, तिच्यावर गेल्या आठवड्यातल्या चिरोट्यांचा पाक सांडून दगडासारखा बसला होता. काच काढली, सिंकमध्ये ठेवली आणि चहाची किटली होतीच, त्यातलं उकळतं पाणी बरोब्बर पाकावर ओतलं. दोन सेकंदांत 'टक्' असा आवाज आणि काचेचे दोन तुकडे! हात कापला नाही हे नशीब.

इतकी जाड काच गरम पाण्याने कशी फुटते? बाकीच्या तीन फळ्या धुवायच्या आहेत, आता हात लावायची भीती वाटते. आणि नवी काच कुठे मिळते? फ्रिज जुना आहे, घराबरोबरच आलेला.

अनघा

---

प्रेषक: मंदार
विषय: उत्तर: फ्रिजची काच तडकली

अनघाताई, फ्रिजच्या काचा टेम्पर्ड असतात, गाडीच्या बाजूच्या काचेसारख्या. गरम पाण्याने त्यांना काही होत नाही. तुमचा पीस मुळातच खराब असणार, कंपनीला फोन करून बदलून मागा. आम्ही तर सगळ्या फळ्या डिशवॉशरमध्ये टाकतो, पाच वर्षं झाली.

मंदार

---

प्रेषक: वैशाली
विषय: उत्तर: उत्तर: फ्रिजची काच तडकली

फ्रिज धुण्याचा विषय निघालाच आहे म्हणून माझं गाऱ्हाणं. दाराच्या पांढऱ्या कप्प्यात लोणच्याची बरणी पाझरली आणि हळदीचा डाग पडला. खाण्याचा सोडा ओला करून चोळला, तर पिवळा डाग नारिंगी-लाल झाला! सोड्याने प्लॅस्टिक जळलं का? ब्लीच मारू का?

वैशाली

---

प्रेषक: श्रीकांत
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: फ्रिजची काच तडकली

वैशाली, आधी तुझं, कारण ते सोपं आहे. प्लॅस्टिक जळलेलं नाही. आपल्या आज्या हळदीला चुना लावून कुंकू करायच्या, तोच प्रकार. हळद क्षारात लाल होते. साध्या पाण्याने धुतलंस की परत पिवळी दिसेल. तो कप्पा उचलून काढ आणि दिवसभर उन्हात ठेव, हळदीचा रंग उन्हात उडतो. ब्लीच नको. आणि ब्लीच नि व्हिनेगर एकत्र तर कधीच करू नकोस, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आता अनघा. माझी सगळी नोकरी काचेच्या कारखान्यात झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

काच फ्रिजमध्ये चार अंशांवर होती, पाणी शंभराच्या जवळ. पाणी पडलं मधोमध. तिथली काच लगेच तापून फुगायला बघते, पण कडा अजून गारच, त्या जागच्या हलत नाहीत. म्हणजे मध्य कडांना बाहेर ताणतो. काच दाब सहज सोसते, ताण सोसत नाही. आणि कडेला कुठे बारीकसा टवका असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. काच जाड म्हणून टिकेल असं वाटतं, पण जाड काच आतपर्यंत तापायला उलट जास्त वेळ घेते.

मंदार म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. टेम्पर्ड काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक झेलते, साधी काच चाळीसच्या आसपास हात टेकते. पण प्रत्येक फ्रिजची प्रत्येक काच टेम्पर्ड असते असं नाही. आणि टेम्पर्ड काचेच्या कडेला टवका उडाला की तिचाही भरवसा धरू नये.

अनघा, एक सांग. तुकडे दोनच झाले की बारीक खडीसाखर झाली? आणि कोपऱ्यात काही पुसट छाप आहे का?

श्रीकांत काका

---

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: फ्रिजची काच तडकली

काका, दोनच तुकडे. उजव्या कोपऱ्यापासून निघालेला एक लांब, नदीसारखा वळत गेलेला तडा, धार सुरीसारखी. आणि त्या कोपऱ्यात खरंच तांदळाच्या दाण्याएवढा टवका आहे, किती जुना कोण जाणे! या काचेवर छाप काही नाही. वरच्या तीन फळ्यांच्या कोपऱ्यात मात्र पांढरी अक्षरं दिसतात.

अनघा

---

प्रेषक: श्रीकांत
विषय: उत्तर: फ्रिजची काच तडकली

मग उत्तर तूच दिलंस. टेम्पर्ड काचेला असा एकच तडा जाऊन ती थांबत नाही, फुटली की सगळी एकदम दाणे दाणे होते. तुझी ही काच साधी होती. वरच्या तिन्हींवर छाप आहे, म्हणजे त्या बहुधा टेम्पर्ड आहेत, पण धुवायच्या तशाच जपून.

रीत अशी. आधी दूध-दही, शिजलेलं अन्न बर्फ घातलेल्या कूलरमध्ये ठेव, कारण ते दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. फळी थोडी वर उचलून पुढे ओढ, एका हाताने खालून आधार दे. ओट्याच्या ग्रॅनाइटवर थेट ठेवू नकोस, खाली जाड टॉवेल अंथर. मग अर्धा-पाऊण तास विसर. हात लावल्यावर गार लागेनाशी झाली की कोमट पाणी घे, बाळाला अंघोळ घालतो तेवढंच. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरेत. फ्रिजच्या आतल्या भिंतींना साबणाऐवजी एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, म्हणजे वास राहत नाही. काळ्या तारेच्या घासणीने काच ओरखडते, ती दूर ठेव.

पाक मात्र घासून निघत नाही, त्याला विरघळायला वेळ द्यावा लागतो. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्याच्यावर वीस मिनिटं टाकून ठेव, थंड झालं की बदल. साखर आपोआप सुटते, उकळत्या पाण्याची गरजच नव्हती.

फळीला प्लॅस्टिकची चौकट असेल तर फटीतलं पाणी नीट टिपून वाळव, नाहीतर तिथे काळी बुरशी धरते. मंदार, तुझ्या डिशवॉशरमध्ये काच टिकली असेल, पण चौकटी सरळ राहिल्यात का ते एकदा बघ.

नव्या काचेसाठी फ्रिजच्या आतल्या भिंतीवर, बहुतेक ड्रॉवरजवळ, मॉडेल नंबरचं स्टिकर असतं. त्या नंबरवर फळी मिळते का बघ. नाहीच मिळाली तर काचवाल्याकडे माप घेऊन जा आणि टेम्पर्डच माग. टेम्पर्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप मिलिमीटरपर्यंत अचूक दे, जाडीसकट. तोपर्यंत ड्रॉवरवर काच नसली तरी फ्रिज चालेल, भाजी तेवढी लवकर सुकेल.

श्रीकांत काका

---

प्रेषक: मंदार
विषय: उत्तर: उत्तर: फ्रिजची काच तडकली

काका, पाहिलं. दोन चौकटी मधे उचललेल्या आहेत आणि एक फळी बसताना अडकते. मला वाटायचं फ्रिजच वाकडा आहे. 😀

मंदार

---

प्रेषक: ज्योती
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: फ्रिजची काच तडकली

दाराच्या रबराबद्दल कुणी बोललंच नाही. मी वर्षानुवर्षं अर्धं व्हिनेगर-अर्धं पाणी वापरते, बुरशी जाते आणि रबर अजून घट्ट आहे.

ज्योती

---

प्रेषक: श्रीकांत
विषय: उत्तर: रबर

ज्योती, तुझं रबर टिकलंय, चांगलंच आहे. पण व्हिनेगरने रबर हळूहळू कडक होतं असं सांगणारे दुरुस्तीवाले मला भेटलेत. मी साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश वापरतो. काच हा माझा विषय, रबर नाही, त्यामुळे भांडणार नाही.

---

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: उत्तर: रबर

तीनही फळ्या धुतल्या, एकही गेली नाही. पाक फडक्याने सुटला, पण वीस नाही, चाळीस मिनिटं लागली. काचवाला म्हणतो टेम्पर्डला आठ दिवस. तोवर ड्रॉवरवर पोळपाट ठेवावा का, असा विचार चाललाय.

अनघा