मदत हवी आहे: बरोबर ६० टक्के, मग आत की बाहेर?

आमच्या मंडळाच्या बारावीच्या शिष्यवृत्तीची यादी मी एक्सेलमध्ये करतोय. ठरावात शब्द आहेत, ‘किमान ६० टक्के’. गेल्या वर्षीपासूनचं सूत्र मात्र असं आहे:

```
=IF(C2>60,"पात्र","अपात्र")
```

६०० पैकी बरोबर ३६० मिळवलेली मुलगी यात बाहेर पडली. ‘किमान’ म्हणजे ६० धरूनच, त्यामुळे मी `>=` केलं, ती आत आली. पोरीचा हक्कच होता तो.

आता खरी अडचण. ३५९ गुणांचे ५९.८३ टक्के होतात, पण रकान्यात दशांश दाखवत नसल्याने तिथेही ६० दिसतं आणि पुढे ‘अपात्र’. त्या मुलाचे वडील उद्या विचारणारच. दोन दशांश दाखवावेत, की टक्के सोडून थेट गुण तपासावेत (`B2>=360`)? `ROUND` लावलं तर ३५७ वालाही आत येतो, ते मला पटत नाही. तुम्ही कसं करता?