शब्दचर्चा : ‘तितकेच’ म्हणजे नेमके किती?

कराडची वाचक
मुलीच्या वहीतला प्रश्न: ‘आदर्श व्युत्क्रमी इंजिनाची कार्यक्षमता स्रोताचे तापमान वाढवल्याने जास्त वाढेल, की सिंकचे तितकेच कमी केल्याने?’ माझ्या दोन शंका आहेत. सिंक म्हटलं की मला खरकटी भांडीच दिसतात, तर याला मराठी शब्द कोणता? आणि ‘तितकेच’ असताना एक बाजू जास्त फायद्याची कशी ठरेल?

पाटणकर
शंका रास्त आहे. आमच्या कोयनेचं बघा. शिवसागराची पातळी दहा मीटर वर नेली काय आणि टर्बाइन दहा मीटर खाली बसवलं काय, पाण्याचा पडाव तेवढाच वाढतो. कार्नोनेही १८२४ मध्ये उष्णतेची तुलना धबधब्याशीच केली होती. म्हणून दोन्ही सारखंच. प्रश्न चुकलाय.

मास्तर, सांगली
पाटणकर, निम्मं बरोबर आहे. पण धबधब्यात पडतं काय, ते तपासू.

स्रोत ६०० केल्विन, सिंक ३०० धरू. स्रोताकडून ६०० ज्यूल उष्णता घेतली, तर ३०० ज्यूल काम मिळतं आणि ३०० सिंकमध्ये जाते. म्हणजे ५० टक्के. कोयनेचं पाणी वर जेवढं, तेवढंच खाली उतरतं. इथली उष्णता मात्र वाटेत निम्मी झाली, म्हणून पाण्याच्या जागी उष्णता ठेवता येत नाही. जसंच्या तसं उतरतं ते उष्णता भागिले तापमान. वर ६०० भागिले ६००, खाली ३०० भागिले ३००, दोन्हीकडे एकच. हीच एन्ट्रॉपी.

आता तेवढीच एन्ट्रॉपी उतरू द्या आणि स्रोत ५० अंशांनी वाढवा. काम ३५० ज्यूल. त्याऐवजी सिंक ५० ने उतरवा, तरी काम ३५०च. इथवर पाटणकर जिंकले! पण कार्यक्षमता म्हणजे काम भागिले घातलेली उष्णता. स्रोत ६५० वर नेला की घालावी लागते ६५० ज्यूल, म्हणजे ५३.८ टक्के. सिंक २५० वर नेला तर घालायची ६००च, म्हणजे ५८.३ टक्के. वरचं टोक उचललं की मिळकतीबरोबर भांडवलही वाढतं, खालचं उतरवलं तर नुसती मिळकत.

पाटणकर
म्हणजे कोयनेत वरचं पाणी फुकट धरलंय, म्हणून माझा हिशेब जुळत होता. पटलं.

वाळव्याचा बॉयलरवाला
आमच्या साखर कारखान्यात वेगळंच आहे. वाफ ५१५ सेल्सिअसला सोडतो, ती आणखी वाढवली तर सुपरहीटरच्या नळ्या जातील. कंडेन्सरचं पाणी थंड करायचं, तर कूलिंग टॉवरला हवामानाची मर्यादा आहे. डिसेंबरच्या पहाटपाळीला व्हॅक्यूम छान लागतो आणि मार्चमध्ये दुपारी पडतो. मग तुमचं उत्तर कुणाच्या कामाचं? चिलर लावून पाणी गार केलं तर?

मास्तर, सांगली
दादा, तुमची अडचण खरी, पण वहीतला प्रश्न वेगळा आहे. तिथं कुठलं टोक हलवणं शक्य आहे ते विचारलेलंच नाही. पहाटे कंडेन्सर, म्हणजे तुमचा सिंक, गार असतो म्हणून व्हॅक्यूम छान लागतो, ती मात्र याच हिशेबाची साक्ष आहे. चिलरचं म्हणाल तर वरचेच आकडे घ्या. २५० वर टाकलेली २५० ज्यूल उष्णता पुन्हा ३०० च्या हवेत ढकलायला आदर्श चिलरही ५० ज्यूल खाणार. ५० जास्त मिळाले, ५० गेले. खरा चिलर त्याहून जास्त खाईल, म्हणजे तोटाच. निसर्गानं आयता गार सिंक दिला तरच कमाई.

कराडची वाचक
मुलीनं ६०० आणि ३०० केल्विनऐवजी ३२७ आणि २७ सेल्सिअस थेट घालून ९२ टक्के काढले होते! आता कळलं. पण ‘तितकेच’ राहिलं.

मास्तर, सांगली
तिथेच मेख आहे. ‘तितकेच’च्या जागी ‘तितक्याच अंशांनी’ हवं. ‘तितक्याच पटीत’ म्हटलं तर उत्तर बदलतं: स्रोत १.२ पट करा, ७२०. सिंकला १.२ ने भागा, २५०. दोन्हीकडे ५८.३ टक्के. म्हणजे खालचे ५० अंश वरच्या १२० अंशांच्या तोडीचे.

कराडची वाचक
आणि सिंकला?

पाटणकर
‘निचरा’. चिबड रानाला चर काढून पाणी काढतो तसा उष्णतेचा निचरा.

मास्तर, सांगली
निचरा ही क्रिया झाली, जागा नव्हे. ‘शोषक’ म्हणावं, तर टीपकागद आठवतो. मी वर्गात ‘थंड साठा’ म्हणतो, पण ३०० केल्विनला थंड म्हटलं की मुलं हसतात.

वाळव्याचा बॉयलरवाला
आमच्याकडे कंडेन्सरच म्हणतात.