शब्दचर्चा: ठुमरी ‘उपशास्त्रीय’ आणि गझल ‘सुगम’, असं का?

मोरपंखी
एका गायनाच्या कार्यक्रमाची इंग्रजी माहितीपत्रिका मराठीत करते आहे. मूळ मजकुरात ठुमरी आणि गझल या दोन्हींना ‘लाइट क्लासिकल’ असा एकच शब्द आहे. मी दोन्हीकडे ‘उपशास्त्रीय’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ठुमरीचं ‘उपशास्त्रीय’ तसंच ठेवलं आणि गझलेचं ‘सुगम’ केलं. शिवाय ‘गझलेची बंदिश’ खोडून ‘गझलेची चाल’ केलं. दोन्ही बदलांमागे काही तत्त्व आहे की नुसती सवय? मजकूर परवा छपाईला जातोय.

सांगलीकर
तत्त्व आहे. ठुमरीत राग असतो म्हणून ती उपशास्त्रीय. गझलेत राग पाळत नाहीत, कुठल्याही सुरावटीत बसवतात, म्हणून ती सुगम. रेडिओवरही गझल सुगम संगीतातच लागते. तपासणाऱ्यांनी बरोबर केलंय.

शब्दवेल्हाळ
मुळात ‘उपशास्त्रीय’ हा शब्दच वाईट. उपनगर, उपप्राचार्य तसं उपशास्त्रीय! म्हणजे शास्त्रीयाच्या हाताखालचं काहीतरी. ‘ललित’ हा शब्द असताना हे कशाला? आणि ठुमरी म्हणजे ठुमकत चालणारी ती. ‘ठुम’मध्ये पाऊल आहे, ‘री’मध्ये रिझवणं आहे. नृत्यातून आलेल्या प्रकाराला शास्त्राची फूटपट्टी लावायचीच कशाला?

खर्ज
‘ठुमक’पर्यंत ठीक आहे, ‘री’ म्हणजे रिझवणं हे मात्र ओढूनताणून वाटतं. ते असो.

सांगलीकर, रागाची कसोटी इथे टिकत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन’ ही ठुमरी झिंझोटीत आहे, आणि मेहदी हसन यांनी गायलेली फ़ैज़ यांची ‘गुलों में रंग भरे’ ही गझलही झिंझोटीतच आहे. मेहदी हसन फ़राज़ यांची गझल यमनात गातात तेव्हा यमन चांगला सांभाळतात. उलट ठुमरीत पिलू, खमाज, भैरवी गाताना परक्या सुरांना मुद्दाम आत घेतात. तेव्हा राग पाळणं हीच कसोटी धरली तर काही गझला उपशास्त्रीय ठरतील आणि निम्म्या ठुमऱ्या सुगम.

फरक पाहायचा तर शब्द सुरांना किती मोकळीक देतात ते पाहावं.

‘बाबुल मोरा नैहर छूटो ही जाय’ घ्या. वाजिद अली शाह यांच्या नावावर असलेली भैरवीतली ठुमरी. १८५६ साली अवधचं राज्य गेलं आणि त्यांना लखनौ सोडावं लागलं, तो संदर्भ तिला चिकटलेला आहे. हिचा बोलबनाव करताना, म्हणजे बोल निरनिराळ्या सुरांत रंगवताना, गायिका पूर्ण ओळ एकदा सरळ मांडते, समेवर येते आणि मग एकच शब्द हातात घेते. ‘नैहर’ कोमल रिषभावर टेकवला तर सासरी निघालेल्या मुलीचा हुंदका येतो. पुढच्या आवर्तनात त्याच शब्दाला शुद्ध रिषभाचा ओझरता स्पर्श दिला तर जुनी आठवण उजळल्यासारखी होते. मग ‘मोरा नैहर’ एवढंच दोनदा, मग ‘छूटो’ वरून खाली उतरवत आणायचा. मधला ‘ही’ गाळला तरी चालतो, ‘हो’ किंवा ‘रे’ घातला तरी चालतो. ‘नै’चा स्वर चार मात्रा लांबवला म्हणून ओळ मोडत नाही. ठेका दीपचंदीचा असेल तर चौदा मात्रांचं संथ आवर्तन मिळतं आणि ही सगळी उलाढाल त्यात मावते. बंधन एकच, मुखड्यासकट समेवर परत येणं. जागा घेण्याच्या नादात मुखडा उचलायला उशीर झाला की ‘छूटो ही जाय’ कोंबून म्हणावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

गझलेत हे करता येत नाही, कारण तिथे शब्दाशब्दाचं वजन कवीने आधीच ठरवून दिलेलं असतं.

सांगलीकर
पण गझल गाणारेही एक ओळ चार-चार वेळा घेतातच की. आणि शब्द मोकळे असतात म्हणता, तर लखनौच्या कितीतरी ठुमऱ्या मध्य-द्रुत त्रितालात असतात, तिथे शब्द एकामागून एक ठासून भरलेले असतात. तिथे कुठे मोकळीक?

खर्ज
हा दुसरा मुद्दा रास्त आहे. बिंदादीन महाराजांच्या रचनांसारखी जी बंदिशीची ठुमरी आहे, ती कथकाच्या अंगाने चालते. तिच्यात बोलांची लयीशी वाटणी असते, छोट्या ख्यालाच्या बरीच जवळची. मी वर लिहिलं ते बोलबनावाच्या ठुमरीबद्दल. एकाच नावाखाली दोन प्रकार आहेत, त्यामुळे ‘ठुमरी उपशास्त्रीय’ असं सरसकट म्हणणंही तितकंसं सरळ नाही.

ओळ चार वेळा घेण्याबद्दल मात्र थोडं थांबू. गझलगायक परत परत घेतो तो शेराचा पहिला मिसरा, म्हणजे दोन ओळींतली पहिली, आणि तो पूर्ण घेतो, सहसा शब्द सुटा काढून नव्हे. दर वेळी वळण बदलतो आणि शेवटी वरच्या सुरावर अधांतरी सोडतो, म्हणजे ऐकणारा दुसऱ्या मिसऱ्याची वाट पाहतो. दुसरा मिसरा आला की तो मतल्याच्याच, म्हणजे पहिल्या शेराच्याच, सुरावटीने रदीफावर, म्हणजे शेवटी दर वेळी येणाऱ्या त्याच शब्दांवर, उतरतो. रदीफ बदलत नाही, म्हणून उतरण्याची सुरावटही फारशी बदलत नाही. गझलेच्या चालीचा कणा तिथे असतो.

मोरपंखी
‘वजन आधीच ठरवून दिलेलं’ हे एखाद्या ओळीवर दाखवाल का? पत्रिकेत ग़ालिबची ‘दिल-ए-नादाँ’ आहे.

खर्ज
चांगलं उदाहरण आहे.

दिल-ए-नादाँ तुझे हुआ क्या है
आख़िर इस दर्द की दवा क्या है

लघूला एक आणि गुरूला दोन मोजू. पहिला मिसरा: दि-ले-ना-दाँ (ल ल गा गा), तुझे हुआ (ल गा ल गा), क्या है (गा गा). दुसरा: आ-ख़ि-रिस-दर् (गा ल गा गा), द-की-द-वा (ल गा ल गा), क्या है (गा गा). या बहरमध्ये, म्हणजे उर्दू वृत्तात, पहिलं अक्षर लघू किंवा गुरू दोन्ही चालतं, त्यामुळे पहिला मिसरा सोळा भरतो आणि दुसरा सतरा.

आता आठ मात्रांच्या केहरव्यात ‘क्या’ समेवर ठेवायचा आहे असं धरा आणि एका लघूला एक मात्रा द्या. पहिल्या मिसऱ्यात ‘क्या’च्या आधी बारा मात्रा आहेत, म्हणून उठाव पाचव्या मात्रेवरून. दुसऱ्यात तेरा आहेत, म्हणून उठाव चौथीवरून. हे न बघता दोन्ही ओळी पाचवीवरूनच उचलल्या तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर ‘आख़िर’चा ‘अखिर’ होतो, नाहीतर ‘क्या’ समेनंतर एका मात्रेने पडतो.

दुसरी चूक याहून जास्त ऐकू येते. ‘आख़िर’ म्हणून थांबायचं आणि मग ‘इस दर्द’ म्हणायचं. इथे ‘र’ आणि ‘इ’ जोडून ‘रिस’ झालेलं आहे. तोडलं की आ-ख़िर-इस-दर्, म्हणजे सातच्या जागी आठ, आणि पुढची सगळी ओळ सरकते. प्रत्यक्ष गाताना कुणी इतकं काटेकोर मोजत नाही, गायक अक्षरं लांबवतोच. पण लघू-गुरूचं आपसातलं प्रमाण हललं की उर्दू जाणणारा श्रोता अस्वस्थ होतो. ठुमरीत ‘बाबुल’चा ‘बाऽबुल’ झाला तर कुणाचं काही बिघडत नाही.

गझलवेडा
गझल हा शब्द मराठीत स्त्रीलिंगीच आहे ना? ‘सुगम गझल’ की ‘सुगम असलेली गझल’? आणि ‘ग़ज़ल’ला नुक्ते द्यावेत का? दुसरं, माझ्या मराठी गझलेत ‘मी’ हा मी लघू धरला तर जाणकार म्हणतात वृत्त तुटलं. वर ‘दिल-ए’मधला ‘ए’ लघू चालतो, मग आमचा ‘मी’ का नाही?

शब्दवेल्हाळ
‘ती गझल’, आणि मराठीत ‘झ’. नुक्ता उर्दू ओळ उद्धृत करतानाच.

खर्ज
नुक्त्याबद्दल सहमत. ‘मी’ बद्दल: त्याच गझलेत ‘मैं भी मुँह में ज़बान रखता हूँ’ असा मिसरा आहे. त्यात ‘भी’ लघू आहे. उर्दूत शब्दाच्या शेवटचा असा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे आखडता येतो, कारण वजन उच्चारावर चालतं. मराठी गझल अक्षरगणवृत्तांच्या शिस्तीत वाढली, तिथे दीर्घ लिहिलं की गुरू. फ़ऊलुन चार वेळा म्हणजे आपलं भुजंगप्रयातच, पण सवलती वेगळ्या. म्हणूनच मराठी वळणाचे गायक उर्दू गझल गाताना हा ‘भी’ हमखास ओढतात. देवनागरीत दीर्घ दिसतो ना!

नेपथ्य
‘चाल’ आणि ‘बंदिश’ हा मुद्दा तसाच राहिला. नाटकाच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल:’ असं छापून पुढे मूळ गाण्याचे बोल दिलेले असतात. तिथे सुरावट आधी आणि मराठी शब्द मागून. १९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्यांची वळणं आणली आणि पदं त्यात बसली. म्हणजे ‘चाल’ हा शब्द खुद्द ठुमरीलाही लागलेला आहे. गझलेत उलटं, शब्द आधी आणि सुरावट मागून. दोन्हीकडे शब्द आणि सूर वेगवेगळ्या वेळी आले, म्हणून ‘चाल’. बंदिश म्हणजे दोन्ही एकदम जन्मलेलं. मी तरी ‘गझलेची बंदिश’ लिहिणार नाही.

सांगलीकर
गझलगायक स्वतःच ‘बंदिश’ म्हणतात, मैफलीत सर्रास ऐकू येतं. रूढ झालेला शब्द चूक कसा?

शब्दवेल्हाळ
रूढ तर ‘उपशास्त्रीय’ही आहे. रूढ म्हणून सगळंच चालवायचं तर शब्दचर्चा कशाला करायची?

मोरपंखी
‘चाल’ मला पटलं, तो बदल ठेवते. पण वरच्या हिशोबाने तर गझलेचं बंधन ठुमरीपेक्षा कडक निघालं, आणि तरी ‘सुगम’ तीच?

खर्ज
बंधन कडक ते कवितेचं. ‘उपशास्त्रीय’ म्हणताना आपण सुरांचा विस्तार मोजत असतो. बेगम अख्तर यांच्या गझलेत ठुमरीच्या जागा भरपूर, आणि दोन शेरांच्या मध्ये तबला लग्गीत, म्हणजे जलद लयीच्या बोलांत, जातो, ठुमरीच्या शेवटी जातो तसाच. त्यांची गझल ‘सुगम’ म्हणून छापायला माझा हात धजणार नाही. कार्यक्रमात कोण गाणार आहे, आणि कोणत्या अंगाने?

गझलवेडा
‘भी’ लघू चालतो तर ‘हूँ’पण चालेल का? मिसऱ्याच्या शेवटी आला तर?

खर्ज
मध्ये आला तर चालतो. शेवटी नाही. ‘रखता हूँ’ मध्ये तो गुरूच मोजलाय, ‘क्या है’च्या ‘है’च्या जागेवर.